समोरच्या खुर्चीत नक्की कोण बसले आहे?
समुपदेशनातील ‘भावसंक्रमण’ आणि ‘प्रतिसंक्रमण’ : एका शिकाऊ समुपदेशकाच्या उदाहरणातून

समुपदेशकासमोर बसलेला माणूस प्रत्येक वेळी समुपदेशकाशीच बोलत असतो, असे नाही. कधी तो आपल्या वडिलांशी बोलत असतो, कधी सासूशी, कधी चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या चुलत्याशी. त्याला स्वतःलाही याची कल्पना नसते. जुन्या नात्यातली भीती, माया, राग किंवा लाचारी आजच्या माणसावर अशी नकळत लादली जाते, तेव्हा त्याला मनोगतिक उपचारपद्धतीत, म्हणजे सायकोडायनॅमिक थेरपीत, ‘ट्रान्सफरन्स’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘भावसंक्रमण’ हा शब्द वापरता येईल. याच्या उलट, समोरच्या माणसामुळे समुपदेशकाच्या स्वतःच्या मनात ज्या भावना उठतात, त्यांना ‘काउंटरट्रान्सफरन्स’ अर्थात ‘प्रतिसंक्रमण’ असे नाव आहे.

हा विषय व्हिएन्नाच्या दिवाणखान्यातून आलेला असला, तरी वऱ्हाडाला आता तो परका राहिलेला नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात अकोला आणि अमरावती हे दोन्ही जिल्हे होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा उपक्रम राबविला गेला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण तेथे अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाले. अशा उपक्रमांतील समुपदेशन बहुधा थोडक्या भेटींचे आणि ठरावीक चौकटीतले असते. ते मनोविश्लेषण नव्हे. मात्र भावसंक्रमण उपचारपद्धती विचारून येत नाही. दोन माणसे ठरलेल्या वेळी बंद दाराआड बसून एकाच्या दुःखाविषयी बोलू लागली, की ते हजर होते. त्याचे काय करायचे, एवढाच प्रश्न उरतो.

फ्रॉइडला न आलेला धुराचा वास

भावसंक्रमण ओळखू न आल्यास काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खुद्द सिग्मंड फ्रॉइडचेच आहे. १९०० च्या ऑक्टोबर महिन्यात एका सुखवस्तू गृहस्थाने आपल्या मुलीला त्याच्याकडे आणले. ती अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती. फ्रॉइडने लिखाणात तिला ‘डोरा’ हे नाव दिले. तिचे खरे नाव इडा बाउअर. तिला खोकल्याचे झटके येत, आवाज बसे, जीव नकोसा झाल्याची चिठ्ठीही तिने लिहिली होती. तिच्या वडिलांचे एका कौटुंबिक मित्राच्या पत्नीशी संबंध होते आणि त्या मित्राने, ज्याला फ्रॉइड ‘हेर के.’ म्हणतो, या कोवळ्या मुलीशीच लगट करण्याचा प्रयत्न केला होता. तिने घरी सांगितले, तेव्हा वडिलांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

उपचारांच्या काळात डोराने एक स्वप्न सांगितले : घराला आग लागली आहे आणि वडील तिला उठवीत आहेत. दुसऱ्या दिवशी तिने पुस्ती जोडली, की या स्वप्नातून जाग आल्यावर प्रत्येक वेळी आपल्याला धुराचा वास येतो. हेर के. धूम्रपान करीत असे, वडीलही करीत आणि फ्रॉइडचा सिगार तर जगजाहीर आहे. फ्रॉइडला हा धागा दिसला नाही असे नाही. त्याने तो नोंदविला, त्याचा अर्थही लावला. परंतु ‘ही मुलगी मला त्या माणसाच्या जागी पाहत आहे, आणि त्याच्या घरातून पळाली तशी येथूनही पळेल’, हा इशारा त्याने वेळेवर ऐकला नाही.

३१ डिसेंबर १९०० रोजी डोराने सांगितले, की आज शेवटचा दिवस. हा निर्णय कधी घेतला, असे फ्रॉइडने विचारले. पंधरा दिवसांपूर्वी, ती म्हणाली. घरकाम करणारी बाई किंवा मुले सांभाळणारी शिक्षिका नोकरी सोडताना देते तेवढी ही मुदत आहे, असे फ्रॉइडच्या तोंडून निघाले. त्यावर डोराला एकदम आठवले, की हेर के.च्या घरी अशीच एक शिक्षिका होती. त्याने तिच्याशीही लगट केली होती आणि तिनेही अशीच नोटीस दिली होती. सुमारे अकरा आठवड्यांचे उपचार तेथेच संपले. १९०५ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध करताना फ्रॉइडने उपसंहारात कबूल केले, की भावसंक्रमण वेळेत हाताळणे आपल्याला जमले नाही आणि डोराने हेर के.वर घ्यायचा सूड आपल्यावर उगवला.

कबुली प्रामाणिक होती, पण अर्धी होती. फ्रॉइडने या मुलीवर एकच अर्थ पुन्हा पुन्हा लादला : तुझे मनातून हेर के.वर प्रेम आहे. ती नाही म्हणे आणि फ्रॉइड त्या नकारातही होकार वाचे. जिचे ‘नाही’ घरात कोणी ऐकले नव्हते, तिचे ‘नाही’ येथेही ऐकले गेले नाही. म्हणजे तिने त्याला हेर के. समजणे हा केवळ भ्रम नव्हता; काही अंशी तो तसा वागतही होता. वैद्याच्या मनात काय चालले होते, हा हिशेबाचा दुसरा रकाना त्या काळी कोणी उघडलेलाच नव्हता.

अडथळ्याचे साधन कसे झाले

हा रकाना फ्रॉइडनेच १९१० मध्ये उघडला. रुग्णामुळे वैद्याच्या मनात उठणाऱ्या भावनांना त्याने नाव दिले आणि त्या ओळखून त्यांच्यावर मात केली पाहिजे, असे सांगितले. पुढची चाळीस वर्षे प्रतिसंक्रमण म्हणजे वैद्याच्या मनातला केर, तो झाडून टाकावा, हीच सर्वसाधारण समजूत राहिली. १९५० मध्ये लंडनमधील पॉला हायमन यांनी एका छोट्या निबंधात ती उलटी केली. वैद्याच्या मनात उठणारी भावना हे रुग्णाच्या अंतर्मनाचा शोध घेण्याचे साधनच आहे, असा त्यांचा मुद्दा होता. ब्वेनोस आयरेसच्या हाइनरिख राकर यांनी त्यात एक उपयुक्त भेद केला. कधी समुपदेशकाला रुग्णाला वाटते तेच वाटू लागते : तो घाबरलेला, तर हाही घाबरतो. कधी मात्र रुग्णाच्या आयुष्यातल्या दुसऱ्या माणसाला वाटत असावे, ते समुपदेशकाला वाटू लागते : रुग्ण दबून बसतो आणि समुपदेशकाला, कारण नसताना, दरडावावेसे वाटते. हा दुसरा प्रकार शिकाऊ माणसाला विशेष गोंधळात टाकतो, कारण त्याला स्वतःचीच लाज वाटते आणि तो ती भावना नोंदवहीत लिहीतच नाही.

भारतात याला आणखी एक पदर आहे. डॉ. जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ मध्ये असे मांडले, की भारतीय रुग्ण उपचारकाकडे गुरूच्या अपेक्षेने पाहतो, आणि गुरु-शिष्य नात्याचाच उपचारासाठी उपयोग करता येईल का, याचा विचार व्हावा. आपल्याकडे समोरच्याला ताई, दादा, काका, मावशी म्हटल्याशिवाय बोलणेच सुरू होत नाही. तेव्हा कोणी ‘ताई’ म्हटले, की लगेच भावसंक्रमण झाले, असे मानणे हास्यास्पद ठरेल. नाते तोंडात असणे वेगळे, आणि त्या नात्यातला जुना हिशेब मनात चालू असणे वेगळे.

बार्शीटाकळीतील एक उदाहरण

हा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो, हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते रचलेले आहे. त्यातील माणसे कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हेत. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी येथे, तालुक्याच्या गावी, एक सव्वीस वर्षांचा शिकाऊ समुपदेशक दर मंगळवारी अकोल्याहून येऊन बसतो असे समजा. त्याच्याकडे येणारे गृहस्थ बावन्न वर्षांचे, कपाशी-सोयाबीनचे चार एकर रान असलेले. मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यापासून त्यांची झोप उडाली आहे, बोलणे कमी झाले आहे. वेळ ठरलेली : सकाळी ११ वाजता, ५० मिनिटे. समुपदेशक त्यांना ‘काका’ म्हणतो. ते त्याला ‘सायेब’ म्हणतात.

पहिल्या काही भेटींत माहिती मिळते ती अशी. काका अकरा वर्षांचे असताना वडील गेले. चुलत्याने घरात ठेवून घेतले, जेवू घातले, पण ताटावर बसले की उपकाराची आठवण करून दिली जाई. त्या घरात मुलाने एक गोष्ट शिकून घेतली : काही मागायचे नाही, तक्रार करायची नाही, सगळ्यांच्या आधी उठून कामाला लागायचे. तसे वागले तरच राहायला मिळते.

आता खोलीत काय घडते ते पाहावे. काका दहालाच येऊन बाहेर बाकावर बसतात. दोनदा त्यांनी तुरीच्या डाळीची पिशवी आणली. कसे वाटते, असे विचारले की दर वेळी एकच उत्तर : ‘लय बरं वाटते सायेब, तुमच्यामुळं.’ प्रत्यक्षात झोप तशीच आहे, हे त्यांच्या पत्नीकडून कळते. सहाव्या मंगळवारी बस चुकल्याने समुपदेशक वीस मिनिटे उशिरा पोहोचतो. तो माफी मागतो, तर काका घाईघाईने म्हणतात, ‘काई नाई सायेब, तुमाले कामं असतीन.’ पुढच्या मंगळवारी ते येत नाहीत. त्यानंतरच्या भेटीत येतात, सोयाबीनच्या सवंगणीचे कारण सांगतात आणि मग बराच वेळ गावातल्या एका बागायतदाराविषयी बोलत राहतात, जो मजुरांना सकाळपासून ताटकळत ठेवतो आणि उन्हे चढल्यावर ‘आज काम नाही’ म्हणून परत पाठवतो.

समुपदेशकाच्या मनात काय चालले आहे? त्याला चीड येते आहे. ‘तुमच्यामुळं’ हा शब्द ऐकला की त्याला वाटते, हा माणूस आपल्याशी खरे बोलत नाही. तो घड्याळाकडे पाहू लागला आहे. गेल्या दोन भेटींत त्याने ऐकण्यापेक्षा उपदेशच अधिक केला : लवकर झोपा, चहा कमी करा, मुलाला फोन करा. घरी जाताना त्याला अपराधी वाटते आणि म्हणून त्याने आपला खासगी मोबाइल क्रमांक देऊन ठेवला आहे.

पर्यवेक्षक काय विचारतात

शिकाऊ समुपदेशकाने प्रत्येक भेटीनंतर आठवेल तसा संवाद लिहून काढायचा आणि तो ज्येष्ठ पर्यवेक्षकासमोर वाचायचा, ही या पद्धतीतील मुख्य शिस्त आहे. समासात, त्या त्या वाक्याला आपल्याला काय वाटले, तेही लिहायचे. आपल्या उदाहरणातील पर्यवेक्षक बाई पहिला प्रश्न काकांविषयी विचारीत नाहीत. त्या विचारतात, ‘ही चीड तुला इतरांच्या बाबतीतही येते का?’ येत नाही. ‘काका येण्याआधी, बसमध्ये असताना होती का?’ तेव्हाही नव्हती. ‘मग कोणत्या शब्दाला आली?’ समासात उत्तर आहे : ‘बरं वाटते’ आणि ‘तुमच्यामुळं’.

येथे दोन धागे वेगळे करावे लागतात. पहिला समुपदेशकाच्या घरचा आहे. त्याचे वडीलही शेतकरी. कर्ज किती आहे, हे त्यांनी घरात कधी सांगितले नाही. विचारले की म्हणत, सगळे ठीक आहे. काकांच्या ‘बरं वाटते’ मध्ये त्याला वडिलांचे ‘ठीक आहे’ ऐकू येते. हा भाग काकांचा नाही. तो समुपदेशकाने पर्यवेक्षणात, किंवा गरज वाटल्यास स्वतःच्या उपचारांत, समजून घ्यायचा आहे. काकांपुढे मांडायचा नाही. मोबाइल क्रमांक देणे याच धाग्यातून आले. वडिलांसाठी जे करता आले नाही, ते येथे करून टाकण्याची ती धडपड होती.

दुसरा धागा काकांनी विणलेला आहे. ते आश्रितासारखे बसतात, डाळ आणतात, उपकार मानतात आणि समोरच्याला नकळत उपकारकर्त्याच्या जागी नेऊन बसवतात. त्या जागेवर बसलेल्या माणसाला जे वाटते, ते समुपदेशकाला वाटू लागले आहे : थोडी सत्ता, थोडी चीड, थोडी घाई. तो उपदेश करू लागला, म्हणजेच त्याला दिलेली भूमिका वठवू लागला. राकर यांनी सांगितलेला दुसरा प्रकार तो हाच. ज्यांना ‘काका’ म्हणून हाक मारली जात होती, ते मनाने पुतण्याच्या जागी होते आणि सव्वीस वर्षांचा हा तरुण चुलत्याच्या.

मात्र हा निष्कर्ष फार लवकर काढू नये. शेतकरी माणूस तलाठ्यासमोर आणि बँकेतही ‘सायेब’ म्हणूनच बोलतो. तेथे दबून वागणे हा मनाचा खेळ नसून अनुभवाचे शहाणपण असते. उशीर झाला, हेही खरेच आहे. त्यावर राग येणे ही विकृती नव्हे. भावसंक्रमणाची शंका घ्यायची ती प्रतिक्रिया प्रसंगाच्या मानाने फार मोठी, फार छोटी किंवा विचित्र असेल आणि तीच तऱ्हा पुन्हा पुन्हा येत असेल, तेव्हा. तासभर आधी येणे, राग मुळीच न येणे, मग एक भेट चुकवणे आणि लगेच ताटकळत ठेवलेल्या मजुरांची गोष्ट सांगणे, या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणून बागायतदाराच्या गोष्टीत समुपदेशकाला स्वतःचा उशीर ऐकू यायला हवा होता.

बोलायचे कसे

हे उमगल्याच्या आनंदात शिकाऊ समुपदेशक जे हमखास बोलून बसतो, ते असे : ‘काका, तुम्ही मला तुमच्या चुलत्यासारखे समजता.’ वाक्य बरोबर असेल, तरीही ते निरुपयोगी आहे. काका ‘नाई सायेब, तुमी तं देवमाणूस’ म्हणतील आणि अधिकच दबून वागतील. आरोप ऐकला की नमते घ्यायचे, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. फ्रॉइडने डोराला अर्थ ऐकविले, त्याचीच ही छोटी आवृत्ती होय.

त्याऐवजी सुरुवात वस्तुस्थितीपासून करायची. ‘त्या मंगळवारी मी वीस मिनिटं उशिरा आलो. तुम्ही दहापासून बसून होतात. तेव्हा मनात काय आलं?’ उत्तर बहुधा ‘काई नाई’ असेच येईल. येथे उपदेशाने पोकळी न भरता थांबायचे. मग, जमले तर : ‘राग आला असता, तर तो मला सांगता आला असता का?’ या प्रश्नात चुलत्याचे नाव नाही. तरी काका जर काही वेळाने म्हणाले, ‘रागावून जाणार कुठी होतो, सायेब?’ तर ते वीस मिनिटांविषयी बोलत नाहीत, अकराव्या वर्षाविषयी बोलत आहेत, हे दोघांनाही कळते. मुलगा पुण्याला गेल्यावरही ‘मला करमत नाही’ एवढे एक वाक्य ते त्याला का म्हणू शकले नाहीत, हा विषय मग आपोआप खोलीत येतो. झोप तेथे अडकलेली असण्याची शक्यता आहे.

थोडक्या भेटींच्या समुपदेशनात हा अर्थ उघडपणे मांडायची गरजही नसते. वेळ पाळणे, उशीर झाल्यास तो मान्य करणे, उपदेश आवरणे, खासगी क्रमांकाऐवजी केंद्राचा क्रमांक देणे, डाळीच्या पिशवीबद्दल ‘हे आणावंसं का वाटलं?’ असे मायेने विचारणे, एवढ्यानेही समुपदेशक चुलत्याच्या जागेवरून उठतो.

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि वऱ्हाडात तो विसरून चालणार नाही. बोलण्यात जीव देण्याचा विचार डोकावला, तर भावसंक्रमणाचा उलगडा बाजूला ठेवायचा. आत्महत्येचा विचार आहे का, काही ठरविले आहे का, हे सरळ शब्दांत विचारायचे. माणसाला एकटे सोडायचे नाही, घरातील फवारणीचे औषध दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायला सांगायचे, घरच्यांना विश्वासात घ्यायचे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे. २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

उदाहरणातील काका त्यानंतरच्या मंगळवारी दहाला नव्हे, अकराला येतात. पिशवी नसते. बसल्यावर काही वेळाने म्हणतात, ‘सायेब, खरं सांगू का, एवढे दिवस येऊन झोपेले काई फरक नाई पडला.’ समुपदेशकाच्या पोटात गोळा येतो. आपण अपयशी ठरलो, असे त्याला वाटते आणि काहीतरी उपाय सुचविण्यासाठी त्याचे तोंड उघडते. पर्यवेक्षक बाईंनी त्या दिवशीच्या टिपणात लाल पेनने खूण केली ती नेमकी येथे : अकराव्या वर्षानंतर बहुधा प्रथमच या माणसाने ज्याच्यावर अवलंबून आहे त्याच्याकडे तक्रार केली होती, आणि तिच्यापुढे समासात समुपदेशकाने लिहिले होते, ‘वाईट वाटले.’